जवळचं बंदर सोडून

सकाळी सहा

नेवासे तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीला प्राचीन भारताचा इतिहास आहे. आज दुपारी दोनचा तास प्राचीन व्यापारी मार्गांचा. नकाशा, कालरेषा आणि मालाचा तक्ता अशा तीनच स्लाइड, पण तिन्ही मिळून एकाच प्रश्नाकडे नेणाऱ्या हव्यात. प्रश्न असा: पैठणचा माल जवळच्या कल्याण बंदराला न जाता लांबच्या भरुचला का जात होता?

हा प्रश्न मी रचलेला नाही, तो 'पेरिप्लस'मध्येच दडलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेली ही समुद्रप्रवासाची टिपणवही. तिच्यात पैठण आणि तगर ही दख्खनची दोन मोठी बाजारपेठांची गावं म्हणून येतात. भरुचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं फ्लीटने 1901 साली दाखवून दिलं.

सकाळी साडेसात

आधी नकाशा, कारण सगळ्यात जास्त वेळ तोच खातो. इंटरनेटवरचा तयार नकाशा घेतला की पैठणच्या अंगाला एक मोठं निळं पाणी दिसतं. तो नाथसागर. जायकवाडी धरण 1976 साली पूर्ण झालं, त्यामुळे सातवाहनांच्या नकाशात त्याला जागा नाही. आमच्या तालुक्यातल्या पोरांना मात्र तो खरा वाटणार, कारण कित्येकांच्या आजोबांचं गाव त्याच पाण्याखाली आहे. म्हणून फुगवटा पुसून गोदावरीचं जुनं पात्र एका रेषेने काढलं आणि प्रवरासंगमाला प्रवरा तिला मिळवली. भंडारदरा आणि उजनीही याच न्यायाने गेले. आजच्या जिल्ह्यांच्या हद्दी काढून टाकल्या, पण नेवासे, अहिल्यानगर आणि पुणे ही नावं फिकट राखाडी अक्षरांत राहू दिली. नाहीतर पोरं विचारतात, सर, आपण कुठं आहोत यात?

दुसरी काळजी मापाच्या पट्टीची. स्लाइडवर चित्र कोपऱ्याला धरून ओढलं की नकाशा मोठा होतो आणि शेजारी वेगळी काढलेली पट्टी तशीच राहते, म्हणजे अंतरं खोटी ठरतात. नकाशा आणि पट्टी निवडून Group केली की दोन्ही बरोबर वाढतात. शिवाय मुलांच्या हातात ए-थ्री कागदावरची प्रत द्यायची आहे. तिथे 1 सेंटिमीटरला 20 किलोमीटर हे प्रमाण धरलं. छापताना Fit to page वर खूण राहिली तर ते प्रमाण बिघडतं. पहिली प्रत निघाली की पट्टीवर फूटपट्टी ठेवून बघायची, मगच बाकीच्या काढायच्या.

वाटा काढताना ठसठशीत रेषा आणि तुटक रेषा असा भेद ठेवला. नाणेघाट ठसठशीत, कारण तिथे वाट खडकात कोरलेली आहे आणि गुहेत नागनिकेचा लेख आहे. पैठण ते नाणेघाट ही मधली वाट तुटक. ती प्रवरेच्या काठाने नेवाशावरून गेली असावी असं म्हणायला आधार आहे, पण दगडावर कुणी तसं लिहून ठेवलेलं नाही. उत्तरेकडे पितळखोऱ्याला एक ठिपका दिला. कन्नडच्या बाजूच्या त्या लेण्यात पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे अत्तरवाल्याच्या, घराण्याने दिलेल्या दानाचा लेख आहे. पैठणचा सुगंधी मालाचा व्यापारी डोंगर उतरून खानदेशात जाणाऱ्या वाटेवर दान देतो, तेव्हा त्या वाटेने त्याचं जाणं-येणं असणार एवढं तरी धरता येतं.

साडेदहा

परिपाठ, हजेरी, पोषण आहाराचं रजिस्टर. केंद्रातून दोन माहित्या तातडीने मागवल्या होत्या, त्या भरून पाठवल्या.

बारा

पाचवीचा तास उरकून कालरेषा. शाळेच्या संगणकावर जुन्या फॉन्टमधल्या फायली उघडल्या की अक्षरांच्या जागी कचरा दिसतो, म्हणून सगळा मजकूर युनिकोडमध्येच टाइप करतो.

कालरेषेचं खरं दुखणं तारखांचं आहे. एकेका राजाला एकेक ठिपका देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. पण क्षत्रप नहपानाचा काळ काही जण पहिल्या शतकाच्या मध्याला धरतात, तर काही दुसऱ्या शतकाच्या पहिल्या पाव भागात. त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीचा काळही त्याबरोबर पुढेमागे सरकतो. म्हणून मी ठिपका न देता फिक्या रंगाचा पट्टा ओढला आणि पट्ट्याची दोन्ही टोकं विरत जाऊ दिली. दोघांच्या क्रमाबद्दल मात्र शंका नाही. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. नाणी तेरा हजारांवर, नहपानाची, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. एकाच नाण्यावर खाली हरलेला आणि वर जिंकलेला. त्याचा फोटो कालरेषेवर लावला की आधी कोण आणि मग कोण, हे पाठ करावं लागत नाही.

कालरेषेवर तिसरी नोंद कल्याणची. पेरिप्लस सांगतो की थोरल्या सारगनच्या काळात कल्याण हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं. पुढे संदनेसच्या हाती ते गेल्यावर तिथे अडवणूक सुरू झाली, आणि चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरुचला नेली जाऊ लागली. ही नोंद मी झाकून ठेवली आहे, ती तासात क्लिक केल्यावरच उघडेल.

एक

खिचडी. वाढप सुरू असताना मालाच्या तक्त्यावर शेवटचा हात फिरवला.

इथे स्तंभालेख काढायचा मोह आवरायला हवा. किती खंडी कापड गेलं, किती मद्यकुंभ आले, याचे आकडे पेरिप्लसने दिलेले नाहीत. उंच-बुटके खांब काढले तर ती माझ्या मनातली उंची होईल. म्हणून साधा तक्ता: वस्तू, कुठून, कुठे, कशावर लादून. जाणाऱ्या बाजूला पैठणचा अकीक, म्हणजे आपली रंगीत गारगोटी, तेरचं साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. येणाऱ्या बाजूला मद्य (त्यातही इटलीच्या मद्याला जास्त मागणी), तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच आणि सोन्याचांदीची नाणी. शेवटच्या रकान्यात अकीकासमोर 'गाड्या' लिहिलं, कारण पेरिप्लस तसंच सांगतो: पैठणहून हा माल रस्ता नसलेल्या मोठमोठ्या मुलखातून गाड्यांवर भरुचला उतरतो.

तक्त्याखाली नेवाशाच्या उत्खननातल्या खापराचा फोटो. सांकलियांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने 1954 ते 56 या काळात इथे खोदलं, तेव्हा सातवाहनकालीन थरात रोमन बनावटीच्या कुंभांचे, अँफोरांचे तुकडे मिळाले. भारतात अनेक ठिकाणी अँफोरा म्हणून नोंदलेले तुकडे पुढे इराणी आखाताकडच्या 'टॉर्पेडो' रांजणांचे निघाले. ते पारखायच्या खुणा सोप्या आहेत. अँफोराला मानेजवळ दोन कान असतात, टॉर्पेडोला कान नसतात आणि त्याच्या आतून डांबराचा काळा थर असतो. इटलीच्या काही कुंभांच्या मातीत ज्वालामुखीची काळी रेती चमकते. या खुणा स्लाइडवर नको, तोंडी पुरेत.

दोन

तास सुरू. पडद्यावर फक्त नकाशा. गटागटांत ए-थ्री कागद, दोरा आणि फूटपट्टी.

पैठण ते भरुच दोरा सरळ ताणला की साडेसतरा सेंटिमीटर भरतो, म्हणजे 350 किलोमीटर. पेरिप्लसच्या वीस दिवसांनी भागलं की रोजचे साडेसतरा किलोमीटर येतात. खरी वाट वाकडीतिकडी असल्याने चालणं याहून जास्त, हे फळ्यावर लिहून ठेवलं. आता हीच चाल धरून पैठण, नाणेघाट, कल्याण. दोरा बारा सेंटिमीटर, 240 किलोमीटर, चौदा दिवस. नेवासे दोऱ्याच्या किंचित वर येतं, पैठणपासून तिसऱ्या मुक्कामाला. सहा दिवस वाचतात, तरी माल भरुचला!

तेवढ्यात एका गटाने तेर मोजलं. 150 किलोमीटर, दहा दिवस, रोजचे पंधराच. शिवाय तेर पैठणच्या आग्नेयेला पडतं आणि पेरिप्लस म्हणतो पूर्वेला. पोरांना वाटलं आपलंच चुकलं. त्यांना सांगितलं की लेखक इतक्या आत आला असेल असं वाटत नाही, त्याने बंदरावर ऐकलं ते लिहिलं. दिवस ढोबळ, दिशा त्याहून ढोबळ.

मग विचारलं, लांबची वाट का? उत्तरं आली: चोर असतील, भरुचला भाव जास्त असेल, घाटात जकात असेल. जकातीचं नाव निघाल्यावर नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणाचा फोटो दाखवला आणि खाली लिहिलेलं वाचायला लावलं: 'लोक याला जकातीचा रांजण म्हणतात.' एवढंच लिहिलं आहे, त्यापुढचा पुरावा कुणाकडे नाही.

मग कालरेषा, आणि झाकलेली नोंद उघडली. वर्ग एकदम बोलू लागला. बंदर बंद, म्हणून भरुच. प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं.

पावणेतीन

मालाचा तक्ता पडद्यावर आला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, नाणेघाटातून बैलगाडी उतरंल का?"

विचारणारी मुलगी नाणेघाटला सहलीला जाऊन आलेली होती. मी तिलाच सांगायला लावलं. "पायऱ्या हायेत सर, लई उंच. माणूस जपून उतरतो." म्हणजे गाडी घाटमाथ्यावर सोडायची आणि माल बैलांच्या पाठीवर चढवायचा. पाठीवर लादलेला बैल साधारण क्विंटलभर नेतो, गाडी त्याच्या कितीतरी पट. कापडाचे गठ्ठे पाठीवर जातील. गारगोटीची पोती न्यायची तर बैलांचे तांडेच लागतील. आता तक्त्यातला शेवटचा रकाना पोरांच्या लक्षात आला. अकीकासाठी गाडीची वाट, आणि गाडीची वाट भरुचकडे.

वर्गाचे दोन तट पडले. एकाचं म्हणणं राजांच्या भांडणाने वाट वळली, दुसऱ्याचं म्हणणं चाकांनी. मी कुणालाच बरोबर ठरवलं नाही. कल्याण खुलं असतानाही अकीक गाड्यांनी भरुचलाच जात होता का, हे कळलं तर निकाल लागेल. पेरिप्लस बंदर अडल्यानंतरचं चित्र देतो, त्याआधीचं देत नाही. शिवाय कल्याणच्या कितीतरी रहिवाशांची नावं कान्हेरीच्या दानलेखांत आहेत, म्हणजे ते शहर कायमचं बसलं नव्हतं.

साडेचार

शाळा सुटायच्या आधी तक्त्यात एक रकाना वाढवला: 'घाटातून जाईल का?' कापडासमोर हो, पोवळ्यासमोर हो, नाण्यांसमोर हो. अकीकासमोर 'जाईल, पण बैल किती?' मद्याच्या कुंभासमोर मी काहीच लिहिलेलं नाही. खाली निमुळता असलेला तो मातीचा कुंभ बैलाच्या पाठीवर कसा बांधतील, हे उद्या सहावीने चित्र काढून दाखवायचं आहे.