भट्टीत परत गेलेलं कास्टिंग

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या फाउंड्रीमालकाला रिजेक्शनबद्दल विचारलं, तर बहुधा एक उत्तर मिळतं : ‘जातंय कुठं? परत भट्टीतच पडतंय की!’ लोखंड पुन्हा वितळतं, हे खरंच. तुटक्या कास्टिंगचा ढीग रनर-रायझरच्या तुकड्यांत मिसळतो, सगळ्याला मिळून ‘रिटर्न’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातूनच नवा रस तयार होतो. रनर-रायझर तर चांगल्या मालातूनही निघणारच. त्यामुळे रिटर्नमध्ये बिघडलेला माल किती होता, हे हिशोबाच्या वहीत उमटतच नाही.

पण त्या नगावर झालेला खर्च फक्त लोखंडाचा नसतो. वीज जळली, कोअरसाठी रेझीन गेलं, मोल्डिंगवाल्यांची मजुरी गेली, शॉट ब्लास्टिंग झालं, ग्राइंडिंग झालं. परत येतं ते केवळ भंगाराच्या भावाचं लोखंड.

हा हरवलेला पैसा पकडण्यासाठी अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले आर्मंड फायगनबॉम यांनी १९५६मध्ये एका लेखात दर्जाच्या खर्चाची विभागणी मांडली. आज ती चार खात्यांत केली जाते. दोष होऊच नये म्हणून केलेला खर्च तो प्रतिबंधाचा. माल बरोबर आहे की नाही हे बघण्याचा खर्च तो तपासणीचा. दोष कारखान्याच्या फाटकाच्या आत सापडला तर ते अंतर्गत अपयश, आणि ग्राहकाकडे सापडला तर बाह्य अपयश.

एक काल्पनिक, पण हिशोब सोपा असलेली फाउंड्री घेऊ. ती महिन्याला प्रत्येकी १२ किलोची १०,००० बेअरिंग हाउसिंग ओतते आणि चाकणच्या एका कारखान्याला १०० रुपये किलोने विकते. म्हणजे महिन्याची विक्री १ कोटी २० लाख. उत्पादनखर्च किलोला ९० रुपये, आणि भंगार म्हणून किंमत ४० रुपये. भट्टीत परत गेलेल्या प्रत्येक किलोमागे ५० रुपये, म्हणजे नगामागे ६०० रुपये बुडतात. महिन्याला ४०० नग आतच नापास होत असतील, तर ही रक्कम २ लाख ४० हजार. काही नग घासून-पुसून वाचवले जातात. त्या जादा ग्राइंडिंगचे आणि पुन्हा तपासण्याचे ४४ हजार. अंतर्गत अपयश झालं २ लाख ८४ हजार रुपयांचं.

आता जे १०० नग नजरेतून सुटले त्यांचं बघू. कास्टिंगच्या पोटातलं ब्लो होल बाहेरून दिसत नाही. चाकणला बोअर करताना टूल दोन-तीन मिलिमीटर आत शिरतं आणि तिथं छिद्र उघडं पडतं. तोवर ग्राहकाचे त्या नगावर मशीनिंगचे ५०० रुपये खर्च झालेले असतात. त्याची डेबिट नोट येते. त्या नगाचे पैसे मिळत नाहीत ते वेगळंच. उत्पादनखर्च, मशीनिंग आणि परतीचं भाडं धरून, भंगाराची किंमत वजा केली, तर नगामागे साधारण ११६० रुपये जातात. तोच दोष, तेच लोखंड, पण सापडला उशिरा म्हणून खर्च जवळपास दुप्पट. शिवाय ग्राहक सांगतो की गोदामातला सगळा माल तपासून द्या. मग तीन माणसं आठवडाभर चाकणला मुक्कामी राहतात आणि बदली माल स्पेशल टेम्पोने धाडावा लागतो. त्याचे ८० हजार धरले, तर बाह्य अपयश १ लाख ९६ हजारांवर जातं.

इथं वर्गीकरणात हमखास घोटाळा होतो. चाकणला गेलेली माणसं कास्टिंग तपासत होती, म्हणून त्यांचा पगार तपासणीच्या खात्यात टाकला जातो. ते चूक आहे. काम काय केलं यावर खातं ठरत नाही, ते का करावं लागलं यावर ठरतं. दोषी माल बाहेर गेला नसता तर ही फेरी झालीच नसती, म्हणून तो बाह्य अपयशाचाच खर्च. त्याच न्यायाने दुरुस्त केलेला नग पुन्हा तपासणं हे अंतर्गत अपयश. तपासणीच्या खात्यात राहतात ते स्पेक्ट्रोमीटर, वाळूची प्रयोगशाळा आणि रोजचे इन्स्पेक्टर. आपल्या फाउंड्रीत त्यांचे १ लाख ८० हजार होतात. प्रतिबंधावर? जेमतेम ३० हजार.

बेरीज ६ लाख ९० हजार, म्हणजे विक्रीच्या पावणेसहा टक्के. त्यातला ७० टक्के पैसा अपयशावर जातो आणि प्रतिबंधावर पाच टक्केही नाही. बऱ्याच मालकांची धडपड अशा वेळी आणखी दोन इन्स्पेक्टर ठेवण्याकडे असते. त्याने १०० मधले काही नग आत पकडले जातील आणि ११६० ऐवजी ६०० रुपयेच बुडतील. पण ब्लो होल काही कमी होणार नाही.

त्यासाठी छिद्राकडे बघावं लागतं. खडबडीत, फांद्या फुटल्यासारखी पोकळी असेल तर ती बहुधा रस आटताना झालेली. आत वाळू दिसली तर मोल्ड झिजला. भिंत गुळगुळीत, चमकदार असेल आणि छिद्रं कोअरच्या बाजूलाच असतील, तर संशय वायूवर जातो. आपल्या फाउंड्रीत समजा तसंच निघालं, आणि नापास नग तारखेनुसार मांडल्यावर पावसाळ्यात आकडा चढताना दिसला. कोअर उघड्यावर पडून ओल धरत होते आणि त्यांच्या हवेच्या वाटाही बुजलेल्या होत्या. उपाय असा : कोअर सुकवायची भट्टी, झाकलेली मांडणी, आधी बनलेला कोअर आधी वापरायचा नियम, आणि हवेच्या वाटा तपासून मगच मोल्ड बंद करणं. महिन्याला ४० हजार जादा. नापास नग आत २०० आणि बाहेर २५ वर आले, दुरुस्ती निम्मी झाली आणि चाकणची वारी थांबली, तर एकूण खर्च ४ लाख २१ हजारांवर उतरतो. महिन्याला २ लाख ६९ हजार वाचले. तपासणीवरचा खर्च अजून तितकाच आहे. तो कमी करायची घाई करू नये.

या आकड्यांना फसवताही येतं. रिजेक्शनवर सुपरवायझरचा बोनस ठरला, की सीमेवरचे नग ‘पास’ होऊ लागतात. त्या महिन्यात अंतर्गत अपयश छान उतरतं. डेबिट नोटा मात्र दीड-दोन महिन्यांनी येतात. म्हणून एकाच महिन्याची चार खाती शेजारी ठेवून काही कळत नाही; बाहेरून आलेला नग कोणत्या हीटचा, ते कास्टिंगवरच्या क्रमांकावरून शोधून त्या महिन्याच्या नावे लिहावा लागतो. आणि एक मोठा खर्च कुठल्याच खात्यात बसत नाही : वैतागून ग्राहकाने पुढचं पॅटर्न दुसऱ्या फाउंड्रीला दिलं, तर त्याची डेबिट नोट येत नाही.

सुरुवातीला सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. या महिन्यापासून नापास नग रनर-रायझरमध्ये टाकण्याआधी वेगळे मोजा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा : दोष कोणता, हीट कोणती, आणि तो सापडला कुठं.