अनेक परिणामांचे रिग्रेशन : एकत्र की वेगवेगळे?

एखादी मोजलेली गोष्ट इतर गोष्टींवर किती अवलंबून आहे, हे आकड्यांतून काढण्याची रीत म्हणजे रिग्रेशन. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला समाश्रयण म्हणतात. वय एक वर्षाने वाढले तर रक्तदाब सरासरी किती बदलतो, असा प्रश्न त्यात असतो आणि उत्तरादाखल एक गुणांक मिळतो. पण रक्तदाब ही मुळात एक संख्या नाही. वरचा आणि खालचा असे त्याचे दोन आकडे एकाच वेळी, एकाच दंडावर मोजले जातात आणि ते एकमेकांशी जोडलेले असतात. मग वरच्यासाठी एक रिग्रेशन आणि खालच्यासाठी दुसरे असे करायचे, की दोन्ही परिणाम एकाच गणितात घालायचे? या दुसऱ्या रीतीला बहुचल रिग्रेशन म्हणतात.

एकत्र गणित केले की प्रत्येक गुणांक अधिक अचूक येईल, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात दोन्ही परिणामांसाठी कारणे तीच असतील, म्हणजे दोन्हीकडे वय आणि वजनच घेतले असेल, तर गुणांक दशांश चिन्हापुढच्या शेवटच्या अंकापर्यंत तेच येतात. त्यांची प्रमाण त्रुटीही तीच राहते. वेगवेगळ्या गणितांतून जी रेषा मिळते, तीच एकत्र गणितातून मिळते.

याचे कारण उरलेल्या फरकात आहे. रेषेने सांगितलेला रक्तदाब आणि प्रत्यक्ष मोजलेला रक्तदाब यांतल्या फरकाला शेष म्हणतात. नेहमीच्या रीतीने काढलेल्या शेषाचा आपल्या समीकरणातल्या कारणांशी कोणताही सरळरेषी संबंध उरलेला नसतो. रेषा बसवण्याची अटच तशी आहे. आता वरच्या रक्तदाबाची रेषा सुधारण्यासाठी खालच्या रक्तदाबाच्या शेषाची मदत घ्यायची म्हटले, तर त्या शेषाचाही वयाशी आणि वजनाशी संबंध आधीच शून्य झालेला असतो. वयाच्या गुणांकाबद्दल सांगण्यासारखे त्याच्याकडे काहीच नसते.

तरीही एकत्र गणितातून एक जास्तीची गोष्ट हाती येते, ती म्हणजे दोन्ही शेषांतला सहसंबंध. वय आणि वजन पाहता अपेक्षेपेक्षा ज्याचा वरचा रक्तदाब जास्त आहे, त्याचा खालचाही बहुधा जास्त असतो. समजा हा सहसंबंध 0.7 आहे. कारणे समान असताना दोन गुणांकांच्या अंदाजांमध्येही नेमका तेवढाच, 0.7 इतका, सहसंबंध असतो. म्हणजे निवडलेल्या नमुन्यामुळे वरच्या रक्तदाबाचा गुणांक योगायोगाने जास्त आला, तर खालच्याचाही जास्तच येण्याकडे कल असतो. वेगवेगळ्या दोन रिग्रेशनमधून ही माहिती दिसतच नाही.

तिचा उपयोग एका उदाहरणात पाहता येतो. साठीनंतर वरचा रक्तदाब वयाबरोबर वाढत जातो आणि खालचा हळूहळू उतरतो, कारण मोठ्या रक्तवाहिन्या ताठर होतात. साठीपुढच्या लोकांचा एक नमुना घेतला आहे असे समजू. पुढचे आकडे केवळ गणित समजण्यासाठी आहेत. वरच्या रक्तदाबाचा वयाशी गुणांक वर्षाला +0.45 मिमी आला आणि त्याची प्रमाण त्रुटी 0.25 आली. खालच्याचा गुणांक −0.18 आणि प्रमाण त्रुटी 0.15. गुणांकाला प्रमाण त्रुटीने भागले की 1.8 आणि −1.2 मिळतात. नेहमीची सीमा साधारण 1.96 असते, त्यामुळे वेगवेगळी रिग्रेशन करणारा अभ्यासक लिहील की वयाचा दोन्हींवर ठाम परिणाम दिसला नाही.

एकत्र चाचणीचा प्रश्न वेगळा असतो : वयाचा दोन्हींवर काहीच परिणाम नसता, तर असे दोन आकडे जोडीने कितपत आले असते? मोठ्या नमुन्यासाठी हे मोजण्याची रीत सोपी आहे. दोन्ही भागाकारांच्या वर्गांची बेरीज घ्यायची, त्यातून सहसंबंध आणि दोन्ही भागाकार यांच्या गुणाकाराची दुप्पट वजा करायची आणि आलेल्या संख्येला, 1 मधून सहसंबंधाचा वर्ग वजा करून जे उरते, त्याने भागायचे. इथे 3.24 आणि 1.44 मिळून 4.68 होतात. एक भागाकार धन आणि दुसरा ऋण असल्याने वजाबाकीची बेरीज होते आणि त्यात 3.02 मिळवावे लागतात. बेरीज 7.70, तिला 0.51 ने भागले की सुमारे 15.1. पाच टक्क्यांची सीमा 5.99 आहे. एकेकटे पाहता दोन्ही आकडे कच्चे होते, जोडीने ते सीमेच्या कितीतरी पुढे गेले.

योगायोगाच्या चुका दोन्ही गुणांकांना एकाच दिशेला ओढतात, हे आधी सांगितलेच. एक वर आणि दुसरा खाली गेला, तर त्याचा दोष योगायोगावर टाकणे अवघड होते. खालच्या रक्तदाबाचा भागाकार −1.2 ऐवजी +1.2 असता, तर तेच गणित 3.25 वर थांबले असते आणि काही सिद्ध झाले नसते. दोघांनी एकाच दिशेला बोट दाखवणे हा इथे अधिक भक्कम पुरावा वाटतो, पण शेष जुळलेले असताना ती बरीचशी एकाच गोष्टीची पुनरुक्ती असते. विषयातला हा सर्वांत चकवणारा भाग आहे.

दोन गुणांकांची तुलना करायची असेल तरी हाच सहसंबंध लागतो. वरच्या आणि खालच्या रक्तदाबातल्या अंतराला वैद्यकात नाडीदाब म्हणतात. वयाबरोबर हे अंतर वाढण्याचा वेग 0.45 आणि 0.18 मिळून वर्षाला 0.63 मिमी येतो. त्याची प्रमाण त्रुटी सहसंबंध धरला तर 0.18 आणि न धरला तर 0.29. पहिला भागाकार 3.5 च्या घरात जातो, दुसरा 2.2 च्या आसपास राहतो. दोन स्वतंत्र अहवालांतले आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करणाऱ्याला दुसराच आकडा मिळेल.

आर या संगणकभाषेत दोन्ही परिणाम एकत्र घालणे एका ओळीचे काम आहे :

```
fit <- lm(cbind(sbp, dbp) ~ age + weight)
vcov(fit)
```

दुसरी ओळ गुणांकांमधले आपसातले नाते देते. लहान नमुन्यांसाठी 5.99 ची सीमा चालत नाही. तिथे सॅम्युएल विल्क्स यांनी 1932 मध्ये मांडलेली लॅम्डा चाचणी किंवा तिच्या जातीतल्या इतर चाचण्या वापरतात. एकाच कारणाची तपासणी असेल तर त्या सगळ्यांचा निकाल एकच येतो, त्यामुळे निवडीचा घोळ घालण्याची गरज नसते.

एकत्र आणि वेगळ्या गणितांतले गुणांक जुळले नाहीत, तर आधी माणसे मोजावीत. एखाद्याचा खालचा रक्तदाब नोंदवायचा राहिला असेल, तर वरची आज्ञा त्या माणसाची संपूर्ण ओळ गाळते. वेगळ्या रिग्रेशनमध्ये त्याचा वरचा रक्तदाब वापरला जातो. फरक पद्धतीचा नसून नमुन्याचा असतो, आणि अनेक परिणाम असले तर अशी गळती बरीच मोठी होऊ शकते.

आतापर्यंत दोन्ही परिणामांची कारणे समान होती. ती वेगवेगळी असली की चित्र पालटते. अर्नॉल्ड झेलनर या अर्थशास्त्रज्ञाने 1962 मध्ये हे दाखवले आणि उदाहरणासाठी येहुदा ग्रुनफेल्ड यांनी जमवलेली अमेरिकन कंपन्यांची आकडेवारी घेतली. जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस या दोन कंपन्यांची 1935 ते 1954 अशी वीस वर्षे. दर वर्षी कंपनीने केलेली गुंतवणूक हा परिणाम, तर तिचे बाजारमूल्य आणि आधीचा यंत्रसामग्रीचा साठा ही कारणे. प्रत्येक समीकरणात त्या-त्या कंपनीचेच आकडे, म्हणून कारणे वेगळी. मात्र दोन्ही कंपन्या वीज उपकरणांच्या एकाच बाजारात होत्या. मंदी, युद्ध किंवा मागणीतली तेजी दोघींना एकाच वर्षी गाठत असे, आणि ते शेषात उतरे. वेगवेगळ्या रिग्रेशनच्या शेषांतला सहसंबंध 0.73 निघतो. त्याच्या वर्गाला वीस वर्षांनी गुणले की 10.6 येतात. हे शेष खरोखर जुळलेले आहेत का, याच्या चाचणीची सीमा 3.84 आहे, म्हणजे नाते पक्के ठरते.

आता वेस्टिंगहाउसच्या शेषाकडे जनरल इलेक्ट्रिकबद्दल सांगण्यासारखे काहीतरी असते, कारण तो शेष जनरल इलेक्ट्रिकच्या बाजारमूल्याशी असंबद्ध करून घेतलेला नसतो. झेलनर यांच्या रीतीत आधी वेगळी रिग्रेशन करतात, त्यांच्या शेषांतून सहसंबंध काढतात आणि तो वापरून दोन्ही समीकरणे पुन्हा एकत्र सोडवतात. जनरल इलेक्ट्रिकच्या बाजारमूल्याचा गुणांक वेगळ्या रिग्रेशनमध्ये 0.0266 होता, म्हणजे मूल्यातल्या दर डॉलरमागे सुमारे पावणेतीन सेंट गुंतवणूक. एकत्र सोडवल्यावर तो 0.0383 झाला. प्रमाण त्रुटी 0.0156 वरून 0.0144 वर आली आणि भागाकार 1.7 वरून 2.7 च्या जवळ गेला.

हा निकाल वाचताना थोडी सावधगिरी हवी. प्रमाण त्रुटी जेमतेम सात-आठ टक्क्यांनी घटली आहे. भागाकार वाढला तो मुख्यतः गुणांकच सरकल्यामुळे. एकत्र रीतीचा खरा लाभ शेष घट्ट जुळलेले आणि कारणे मात्र एकमेकांपासून दूर असताना होतो. इथे कारणेही एकाच बाजाराची असल्याने ती बरीच सोबत चालतात. शिवाय 0.73 हा सहसंबंधही त्याच वीस वर्षांतून अंदाजलेला आहे, पण छापलेली प्रमाण त्रुटी तो पक्का माहीत असल्यासारखी वागते. नमुना इतका लहान असताना ती थोडी आशावादीच असते.

याहून मोठा धोका चुकीच्या समीकरणाचा. समजा वेस्टिंगहाउसच्या समीकरणातून एखादे महत्त्वाचे कारण निसटले आहे. वेगळ्या रिग्रेशनमध्ये ती चूक वेस्टिंगहाउसपुरती राहते. एकत्र रीतीत तिचा बिघडलेला शेष जनरल इलेक्ट्रिकच्या गुणांकालाही ढकलतो. म्हणून एकत्र सोडवल्यावर एखादा गुणांक आपल्या जुन्या प्रमाण त्रुटीच्या मानाने फार लांब सरकला, तर तो सुधारला असे लगेच मानू नये. शेजारचे समीकरण तपासावे. वरच्या उदाहरणातली सरक 0.012 आहे, म्हणजे एका प्रमाण त्रुटीहून कमी. ती संशयास्पद म्हणता येणार नाही.

परिणाम कितीही गोळा करून एकत्र घातले तर चाचणी बळकट होते, हाही एक समज आहे. दोन परिणामांसाठी सीमा 5.99 असते, दहांसाठी 18.31. ज्यांच्यावर वयाचा परिणाम नाही आणि ज्यांचे शेष इतरांशी जुळत नाहीत असे आठ परिणाम भरीला घातले, तर सीमा वाढते आणि पुरावा मात्र जवळपास तेवढाच राहतो. शिवाय एकत्र चाचणीने 'परिणाम आहे' असा कौल दिला तरी तो नेमका कशावर, हे ती सांगत नाही; त्यासाठी पुन्हा एकेक गुणांक किंवा नाडीदाबासारखा, आधीच ठरवलेला फरक पाहावा लागतो. केवळ वरच्या रक्तदाबाचा वयाशी संबंध हवा असेल आणि त्याच्या नोंदी पूर्ण असतील, तर एक साधे रिग्रेशन पुरते.