चाळीस गुणांसाठी साठ गुणांचे प्रश्न

निर्मळची कार्तिकी यात्रा आटोपली, की येथील गणिताचे शिक्षक दहावीच्या सराव-परीक्षेसाठी जुन्या प्रश्नपत्रिकांचे दप्तर उघडतात. परंतु प्रश्न निवडण्यापूर्वी गुणांचा ताळेबंद मांडणे अगत्याचे असते, कारण राज्य मंडळाची बीजगणिताची परीक्षा ४० गुणांची असली, तरी ‘कोणतेही दोन सोडवा’ अशा सवलतींमुळे प्रत्यक्षात ६० गुणांचे प्रश्न छापावे लागतात, आणि सहा प्रकरणांची वाटणी या साठांवरच करावी लागते. चौथ्या प्रश्नात चार-चार गुणांची तीन उदाहरणे देऊन दोन मागितली जातात. ती तिन्ही वर्गसमीकरणांवरच बेतली, तर त्या एका प्रकरणात कच्च्या असलेल्या विद्यार्थ्याचे आठ गुण एकदम बुडतात, आणि विकल्प केवळ नावापुरता उरतो.

काठिण्याची पारख याहून नाजूक आहे. x² + 8x − 48 = 0 हे समीकरण 12 आणि −4 या अवयवांनी सहज सुटते; पण मुलांना उत्तर पाठ असेल या शंकेने 48 च्या जागी 50 घातले, की विवेचक 256 ऐवजी 264 होतो, तो पूर्ण वर्ग राहत नाही, आणि अवयव पाडण्याच्या दोन गुणांच्या प्रश्नाला सूत्राचे, करणीचे, अधिक वेळखाऊ रूप येते. तेथे 20 घालावेत. विवेचक 144 येतो आणि प्रश्नाची जात कायम राहते. मसुदा पुरा झाल्यावर शिक्षकाने तो स्वतः घड्याळ लावून सोडवावा: दोन तासांत चाळीस गुण, म्हणजे गुणामागे विद्यार्थ्याला तीनच मिनिटे मिळतात.