जुनं सोनं मोडताना घट दोनदा कापली जाते का?

मागच्या भागानंतर कोल्हापूरच्या एका श्रोत्याचा मेसेज आला. "ताई, बहिणीची इंजिनिअरिंगची फी भरायची आहे म्हणून आईच्या पाटल्या मोडायच्या आहेत. दोन दुकानांत विचारलं. दोघांच्या रकमेत तीस हजारांचा फरक आहे. सोनं तेच, वजन तेच, मग हे कसं?" सोबत दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो होते. आजचा अख्खा भाग या दोन चिठ्ठ्यांवर आहे. मी काही वर्षं हॉलमार्किंग सेंटरमध्ये काम केलंय, त्यामुळे अशा चिठ्ठ्या मी भरपूर बघितल्यात.

आधी पाटल्यांबद्दल. दोन पाटल्या, वजन ३१ ग्रॅम, पस्तीसेक वर्षांपूर्वी गावच्या सोनाराकडून केलेल्या. हॉलमार्क नाही, कारण सोन्याचं हॉलमार्किंग आपल्याकडे सुरूच झालं २००० साली. घरात सगळे म्हणतात "बावीस कॅरेट आहे." बावीस कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, बाकी तांबं आणि चांदी. पण हॉलमार्कच्या आधीच्या दागिन्यात सांगितलेलं आणि असलेलं यात बऱ्याचदा अंतर निघतं. त्यामुळे घरचा शब्द बाजूला ठेवायचा आणि टंच, म्हणजे शुद्धता, मोजायची.

टंच कसा काढतात? जुनी पद्धत कसोटीची. काळ्या दगडावर दागिना घासायचा, ओरखड्यावर ॲसिड लावायचं, शेजारी माहीत असलेल्या सोन्याचा ओरखडा काढायचा आणि रंग ताडून बघायचा. जाणता सराफ यावरून चांगला अंदाज देतो, पण तो शेवटी डोळ्याचा अंदाज. ८८ आणि ८९ टक्क्यांतला फरक त्यात ठामपणे सांगता येत नाही. आणि तीस ग्रॅमवर एक टक्का म्हणजे आजच्या भावात हजारो रुपये.

दुसरी पद्धत मशीनची, जिला दुकानात कॅरेटोमीटर म्हणतात. दागिना आत ठेवला की क्ष-किरण पडतात आणि अर्ध्या-एक मिनिटात सोनं, चांदी, तांबं किती टक्के ते स्क्रीनवर येतं. मशीन चांगलंच असतं, पण त्याला फक्त वरचा पातळ थर दिसतो, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. दागिन्याला वरून सोन्याचं पाणी दिलं असेल तर आकडा खोटा वर जातो. उलट, किरण नेमके जोडावर पडले तर आकडा खाली येतो, कारण जोडाला लावलेल्या डाकात सोनं कमी असतं. म्हणून एका जागेचा आकडा धरून व्यवहार करायचा नाही. तीन-चार जागी मोजायला सांगा. आकडे लांब-लांब आले तर खरा टंच कळायचा एकच मार्ग आहे: वितळवून मग मोजणं.

आता मुख्य मुद्दा. वितळवल्यावर वजन कमी होतं, त्याला घट म्हणतात. पण जातं काय? सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि उकळायला त्याला २८०० अंशांच्याही वर जावं लागतं. भट्टीत सोनं वाफ होऊन उडत नाही. जातो तो वर्षानुवर्षांचा मळ, साबण, नक्षीत अडकलेली घाण. डाकात जस्त किंवा कॅडमियम असेल तर ते उडतं, कारण त्यांचा उत्कलनबिंदू सोन्याच्या वितळण्याच्या तापमानापेक्षाही कमी आहे. थोडं तांबं जळून टाकणखारात मिसळतं. म्हणजे घट झाली ती जवळजवळ सगळी सोनं नसलेल्या गोष्टींची. म्हणूनच वितळवल्यावर वजन उतरतं, पण टंच थोडा चढतो. आतलं सोनं तेवढंच राहतं.

आपल्या श्रोत्याच्या दुसऱ्या दुकानात नेमकं हेच झालं. त्यांनी पाटल्या गलाईवाल्याकडे त्याच्यासमोर वितळवल्या. (सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर हा गलाईचा धंदा करतात.) ३१ ग्रॅमची लगड झाली ३०.६०० ग्रॅमची. मशीनवर टंच आला ८८.९. गुणाकार केला की चोख सोनं निघतं २७.२० ग्रॅम. हिशोब सोपा जावा म्हणून मी भाव गोल धरते: चोख सोनं ग्रॅमला १०,००० रुपये. म्हणजे किंमत झाली २,७२,०००. दुकानदाराने स्वतःचे दोन टक्के कापले आणि हातात देऊ केले २,६६,५६०. ते दोन टक्के त्याचा नफा आहे, आणि त्याने ते तसंच, वेगळ्या ओळीत लिहिलंय. हे मला आवडलं.

आता पहिली चिठ्ठी. तिथे वितळवलंच नाही. वजन ३१, त्यातून "तीन टक्के घट", राहिले ३०.०७. टंच धरला ८६, तोही एकाच जागी मोजलेला. चोख सोनं आलं २५.८६ ग्रॅम. आणि मग त्याला भाव लावला ९,१६०, म्हणजे बावीस कॅरेटचा. एकूण झाले २,३६,८८०.

कुठे गडबड आहे बघा. पहिली गडबड घटीची. दागिना आहे तसा मोजून टंच काढला असेल, तर तांबं, चांदी, डाक यांची वजावट त्या टंचातच झाली. मळाचं म्हणाल, तर इथे दोन्ही पाटल्यांत मिळून घट निघाली ०.४ ग्रॅम, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास, आणि तीही मळ आणि डाक धरून. त्याऐवजी सरसकट तीन टक्के आधी कापायचे आणि उरलेल्याला पुन्हा कमी टंच लावायचा, म्हणजे एकच गोष्ट दोनदा कापली. नियम सोपा आहे: एकतर मूळ वजन आणि मूळ दागिन्याचा सरासरी टंच, नाहीतर वितळल्यानंतरचं वजन आणि वितळल्यानंतरचा टंच. तिसरी जोडी नाही.

दुसरी गडबड भावाची, आणि ही जास्त महाग पडते. टंचाने गुणलं की आपल्या हातात २४ कॅरेटचं चोख वजन येतं, त्याला भावही २४ कॅरेटचाच लागायला हवा. ९,१६० हा भाव बावीस कॅरेटच्या सोन्याचा आहे, म्हणजे त्यात अशुद्धतेची वजावट आधीच झालेली आहे. ती दोनदा झाली. फक्त या एका आकड्यामुळे इथे सुमारे २१,७०० रुपये गेले. बोलताना हे पटकन लक्षात येत नाही, कारण "आजचा भाव" म्हणून जो बोर्ड दाखवतात तो बऱ्याचदा बावीसचाच असतो. म्हणून विचारा, "हा भाव चोवीसचा की बावीसचा? आणि तुम्ही तो चोख वजनाला लावताय की लगडीच्या वजनाला?"

भाव खरा की खोटा हे कसं तपासायचं? ibjarates.com वर ९९९, ९९५, ९१६, ७५० अशा शुद्धतेनुसार सोन्याचे भाव कामकाजाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ येतात, जीएसटी न धरता. दुकानात जायच्या आधी तो स्क्रीनशॉट काढून ठेवा. मोडीचा भाव त्याच्यापेक्षा थोडा कमी असणारच, दुकानदाराला दुकान चालवायचं आहे. पण किती कमी, हे त्याने एका आकड्यात सांगायला हवं. तो आकडा घटीत, टंचात आणि भावात वाटून लपवला की दोन दुकानांची तुलनाच करता येत नाही.

आता प्रत्यक्ष जाताना काय करायचं? घरी किंवा दुसऱ्या दुकानात आधी वजन करून घ्या. खडे, मणी, दोरा असेल तर तो तुमच्यासमोर काढायला सांगा आणि परत घ्या. जुन्या पोकळ गोठात किंवा तोड्यात लाख भरलेली असते. तिचं वजन जाणार हे खरंच आहे, पण तेही काढून, मोजून जाऊ दे, अंदाजाने नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मुशीत टाकायच्या आधी तीन गोष्टी कागदावर घ्या. आजचा चोवीसचा भाव, दुकानाची कपात किती टक्के, आणि व्यवहार जमला नाही तर लगड परत देणार का व गाळायचे पैसे किती. एकदा वितळलं की पाटली राहत नाही, आणि घासाघीस करायची तुमची ताकदही तिथेच संपते. लगड परत मिळणार असेल तर ती तुम्ही शेजारच्या दुकानात नेऊ शकता. वितळवताना समोर उभे राहा. ओतून झाल्यावर मुशीत आणि वरच्या काचेसारख्या मळीत सोन्याचे बारीक थेंब चिकटलेत का ते बघा. असतील तर तेही काढून वजनात घ्यायचे. लगड मशीनवर वरून आणि खालून दोन्हीकडे मोजा. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर धातू नीट मिसळलेला नाही. पुन्हा गाळून, ढवळून मोजायला सांगा.

वितळवायची इच्छा नसेल, तर बीआयएस मान्यताप्राप्त हॉलमार्किंग सेंटरमध्ये सामान्य ग्राहकालाही बिनहॉलमार्कचा दागिना तपासून मिळतो. चार डागांपर्यंत २०० रुपये, असं शुल्क सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलं होतं. तो रिपोर्ट घेऊन चार दुकानं फिरता येतात. दागिन्यावर सहा अक्षरी एचयूआयडी असेल तर काम अजून सोपं. BIS Care ॲपमध्ये तो नंबर टाकला की शुद्धता दिसते.

शेवटचं, पैसे बँकेत घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे, आणि दंड लागतो तो घेणाऱ्याला. इथे घेणारे तुम्ही.

आपल्या कोल्हापूरच्या मित्राने दुसऱ्या दुकानात व्यवहार केला. त्याआधी कपात दोनवरून दीड टक्का करून घेतली. वाढले १,३६० रुपये. तुमच्याकडे अशी चिठ्ठी असेल तर नाव-नंबर झाकून फोटो पाठवा, पुढच्या भागात ओळ न्‌ ओळ वाचू.