सोलांचं पाणी आणि हळदीच्या पट्ट्या

मालवणकडच्या घरात सात वर्षांच्या पोरासाठी विज्ञानाचा डबा भरायला सोलं, हळद, लिंबू, खायचा सोडा आणि आंघोळीचा साबण पुरतात.

दोन-तीन सोलं अर्धा कप कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवावीत. हे लाल पाणी दोन वाट्यांत घ्यायचं. एकीत लिंबू पिळलं तर रंगात फरक दिसत नाही, कारण सोलं मुळातच आंबट. दुसरीत चिमूटभर सोडा टाकला की आधी फेस येतो. आणखी सोडा पडत गेला की लाली जाऊन पाणी मळकट जांभळं-करडं होतं. आगळ मात्र नको. ते इतकं आंबट की सोड्याचा डबाच रिकामा व्हायचा!

हळदीची पातळ पेस्ट कागदावर फासून सावलीत वाळवावी. उन्हात रंग उडतो. पट्टीवर साबणाचं पाणी पडलं की लाल डाग उठतो, लिंबाने तो पुन्हा पिवळा होतो. सोड्याने रंग जेमतेम तांबूस होतो, कारण सोडा साबणापेक्षा सौम्य. लिंबू आणि साधं पाणी यांतला फरक मात्र हळदीला कळत नाही.

चुन्याने रंग झकास चढतो, पण चुना डोळ्यांना घातक. डब्यात ठेवूच नये.