मंगळवारी किती माल होता?

औषधांच्या घाऊक दुकानातला संगणक सांगतो, अमुक गोळ्यांच्या ६० स्ट्रिप्स शिल्लक आहेत. मंगळवारी किती होत्या, हे मात्र त्याला सांगता येत नाही. प्रत्येक मालाची एकच ओळ असते. फळ्यावरचा आकडा पुसून नवा लिहावा, तशी ती बदलत राहते.

समजा, सोमवारी रात्री साठा शून्य होता, मंगळवारी रात्रीही शून्य, आणि बुधवारी माल आला. महिनाअखेरीस मंगळवारची विक्री शून्य दिसते. गिऱ्हाईक नव्हतं की माल नव्हता?

म्हणून रोज रात्री दुकान बंद झाल्यावर सगळ्या ओळी तारखेसह वेगळ्या तक्त्यात उतरवतात. शून्याच्या ओळीसुद्धा! जागा वाचवायला त्या गाळल्या, तर नेमका हवा तो पुरावा जातो. एका तारखेला एका मालाची एकच ओळ हवी. काम चुकून दोनदा चाललं, तर साठा दुप्पट दिसतो. एखादी रात्र हुकलीच, तर ती जागा रिकामी ठेवावी, दुसऱ्या दिवशी दुपारचा आकडा तिथे कोंबू नये. अर्थात, दुपारी माल संपून संध्याकाळी पुन्हा आला, तर मधली टंचाई या नोंदीत दिसणार नाहीच.