बाकीचा ताळा

सरावपत्रिकेच्या मागच्या पानावर उत्तरं छापलेली असली की मुलं गणित संपताच पान उलटतात. मसावि आणि बाकीच्या गणितांना त्या पानाची गरजच नाही. उत्तर बरोबर आहे का, हे हाताशी असलेल्या आकड्यांवरूनच पडताळता येतं. आपल्याकडे त्याला ताळा पाहणं म्हणतात.

समजा, ३९१ आणि २९९ यांचा मसावि काढायचा आहे. ३९१ चे अवयव चटकन सापडत नाहीत. सुमारे २३०० वर्षांपूर्वी युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या सातव्या खंडात दिलेली रीत अवयव मागतच नाही. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचं, मग भाजकाला बाकीने भागायचं आणि बाकी शून्य येईपर्यंत हेच करत राहायचं. ३९१ ला २९९ ने भागल्यावर ९२ उरतात. २९९ ला ९२ ने भागल्यावर २३ उरतात. ९२ ला २३ ने बरोबर चारदा भाग जातो. शून्याच्या आधीची बाकी २३, तोच मसावि. घाईत काही जण इथे शेवटचा भागाकार, म्हणजे ४, उत्तर म्हणून लिहितात. पण ३९१ विषम आहे, त्याला ४ ने भाग जाणार कसा? ही चूक एका नजरेत पकडली जाते.

२३ चा ताळा मात्र नीट पाहायला हवा. २३ × १७ = ३९१ आणि २३ × १३ = २९९, म्हणजे २३ दोघांनाही भागतो. एवढं पाहून बरेच जण थांबतात. पण १ सुद्धा दोघांना भागतोच. २३ हाच सर्वांत मोठा, हे कशावरून? त्यासाठी पायऱ्या उलट चढायच्या. २३ म्हणजे २९९ मधून ९२ ची तिप्पट वजा, आणि ९२ म्हणजे ३९१ वजा २९९. दोन्ही जुळवलं की ४ × २९९ − ३ × ३९१ = ११९६ − ११७३ = २३. आता दोघांना भागणारी कोणतीही संख्या या वजाबाकीला, म्हणजेच २३ ला, भागणारच. मग ती २३ पेक्षा मोठी असू शकत नाही. भागाकारांच्या पायऱ्या अशा उलट चढण्याचीच युक्ती आर्यभटाच्या इ.स. ४९९ मधल्या कुट्टकात आहे, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीतही कुट्टकाचं प्रकरण आहे.

खरी गफलत पुढच्या प्रश्नात होते. कोणत्या संख्येला ६ ने गुणून १० ने भागलं की बाकी ४ उरते? सारखी बाकी देणाऱ्या संख्यांना समशेष म्हणतात. त्यासाठीचं ≡ हे चिन्ह गाउसने १८०१ मध्ये रूढ केलं. विद्यार्थी ६ आणि ४ दोन्ही निम्मे करतो आणि ‘३ ने गुणून १० ने भागल्यावर बाकी २’ असा सोपा प्रश्न सोडवतो. ३ × ४ = १२, म्हणून उत्तर ४. ताळाही जमतो: ६ × ४ = २४, बाकी ४. तरी उत्तर अपुरं आहे.

० पासून ९ पर्यंतच्या प्रत्येक संख्येला ६ ने गुणून बाकी लिहा: ०, ६, २, ८, ४, ०, ६, २, ८, ४. चार दोनदा येतो, ४ पाशी आणि ९ पाशी. ९ हरवला, कारण ६ आणि ४ निम्मे करताना १० चेही ५ करायला हवे होते. ६ आणि १० यांचा मसावि २ आहे आणि तो ४ ला भागतो, म्हणून उत्तरं दोन. बाकी ५ मागितली असती तर उत्तरच नसतं, कारण यादीत एकही विषम आकडा नाही.

ही यादी म्हणजे नुसता अंदाज नाही. १० ते १९ मध्ये त्याच बाक्या पुन्हा येतात, म्हणून दहा संख्या तपासल्या की सगळ्या तपासल्या. इतरत्र अशी खात्री नसते. कोणत्याही संख्येच्या वर्गात तीच संख्या आणि ४१ मिळवा: ० पासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या मिळते, आणि ४० ला ४१ चा वर्ग येतो. तिथे फेरा नाही, म्हणून चाळीस यशस्वी चाचण्यांनीही काही सिद्ध होत नाही.

भाजक हजाराच्या घरात असला तर पूर्ण यादी कोण लिहिणार? तेव्हा रीत छोट्या भाजकावर तपासावी. फक्त तो मूळ प्रश्नासारखाच निवडावा. वरचीच चूक १० ऐवजी ७ वर तपासली तर दिसतच नाही: ६ आणि ७ यांचा मसावि १ असल्याने निम्मे केलेल्या प्रश्नातूनही ३ हे एकच, खरं उत्तर मिळतं. चूक मसाविच्या जागी दडलेली असते, म्हणून चाचणीतही १ पेक्षा मोठा मसावि हवा.

आता वहीत स्वतः करून पाहा: कोणत्या संख्येला ८ ने गुणून १२ ने भागल्यावर बाकी ४ उरते? ० ते ११ ची यादी लिहा. उत्तरं चार आली पाहिजेत.